गुणांच्या रकान्यातला अभ्यासक्रम

बी.एड.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या छात्राध्यापकाच्या हातात सुरुवातीलाच काही पानांचा एक आराखडा पडतो. अध्यापनशास्त्राची ओळख करून देणारा पेपर, त्याचे श्रेयांक, आठवड्यांनुसार घटक, शेवटी संदर्भग्रंथांची यादी आणि उजवीकडच्या रकान्यात गुण. बहुतेक मुलं हा कागद तळापासून वर वाचतात. आधी गुण कशाला किती ते पाहतात, मग अंतर्गत गुणांसाठी काय काय जमा करायचं ते, आणि घटकांची नावं सगळ्यांत शेवटी. त्यांचं चुकत नाही. त्या कागदावर जे लिहिलं आहे त्यातलं प्रत्यक्षात काय घडणार, हे गुणांचा रकानाच ठरवत असतो. म्हणून आराखडा कसा बनतो हे समजून घ्यायचं, तर तो रकाना आणि त्याच्या डावीकडचे पंधरा आठवडे एकमेकांशी खरोखर जुळतात का, हे पाहावं लागतं.

चार श्रेयांकांचा पेपर धरू. तासिकांच्या हिशेबात एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे एकूण साठ तास. सत्र पंधरा आठवड्यांचं, तेव्हा आठवड्याला चार तास. गुण शंभर. त्यांपैकी साठ विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला आणि चाळीस महाविद्यालयाकडे, अशी विभागणी समजू. विद्यापीठागणिक हे प्रमाण बदलतं, पण दुखणं सारखंच असतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, एका तुकडीत पन्नास विद्यार्थी ठरवले आणि दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेतल्या कामाला दिले. त्यांतले सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. त्या आंतरवासितेत छात्राध्यापक खऱ्या वर्गासमोर उभा राहतो. पहिल्या सत्रातल्या ओळखीच्या पेपरचं काम त्याला त्या दिवसासाठी तयार करण्याचं आहे.

जुन्या वळणाचा आराखडा ठरलेल्या क्रमाने जातो. पहिले दोन आठवडे शिक्षणाची व्याख्या, स्वरूप आणि ध्येयं. मग पौर्वात्य व पाश्चात्त्य विचारवंत, मग अध्ययनाच्या उपपत्ती, मग अध्यापनाच्या पद्धती, आणि सत्र संपत आलं की पाठ टाचण. या क्रमात मूल पहिल्यांदा दिसतं ते दहाव्या-अकराव्या आठवड्यात. तोवर छात्राध्यापकाने पियाजे आणि व्हायगॉटस्कीच्या नावांखाली टिपणं काढलेली असतात. मात्र त्या दोघांना कोणता प्रश्न पडला होता हे त्याला जाणवलेलं नसतं, कारण तो प्रश्न त्याला स्वतःला अजून पडलेलाच नसतो. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा करायला हवा. पहिल्या आठवड्यात जवळच्या शाळेत जाऊन एक पूर्ण तासिका पाहायची आणि काय दिसलं ते लिहायचं. बाई छान शिकवत होत्या, असं वाक्य चालणार नाही. बाईंनी किती प्रश्न विचारले, कोणत्या बाकांवरच्या मुलांना विचारले, उत्तर आलं नाही तेव्हा पुढे काय झालं, हे टिपायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या वह्यांतली चुकलेली उत्तरं वर्गात आणायची. उपपत्ती तिथून सुरू होऊ द्यायच्या.

एक चूक सविस्तर पाहू. सहावीतल्या एका मुलीला विचारलं, ०.५ मोठे की ०.३५? ती म्हणाली, ०.३५. छात्राध्यापकाच्या वहीत यावर बहुधा शेरा येतो, 'दशांश अपूर्णांकाची संकल्पना स्पष्ट नाही'. हा शेरा कुठल्याही गणितातल्या कुठल्याही चुकीला लावता येईल, म्हणजे त्याने काहीच सांगितलं नाही. मुलीला कारण विचारलं तर ती सांगते, पस्तीस पाचापेक्षा मोठे असतात ना. ती दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचते आहे. आता तिला ०.३ आणि ०.३० दिले तर तिला ०.३० मोठे वाटतील, असा अंदाज बांधता येतो आणि तो लगेच तपासता येतो.

याच वर्गात दुसरा मुलगा आहे. तो म्हणतो, ०.५ मोठे. उत्तर बरोबर, गुण मिळाला. पण त्याला ०.६२ आणि ०.४ विचारा, तो ०.४ सांगेल. शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे, आणि म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असा त्याने आपल्यापुरता नियम केला आहे. पहिल्या प्रश्नात चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर दिलं. गंमत अशी की त्या मुलीला दुसरा प्रश्न विचारला तर तिचंही उत्तर बरोबर येईल, तेही चुकीच्या कारणाने. दोन्ही जोड्या विचारल्याशिवाय ही दोन मुलं वेगवेगळ्या ठिकाणी अडली आहेत हे शिक्षकाला कळत नाही. मुलं रिकाम्या डोक्याने चुकत नाहीत, आधीच्या ज्ञानातून नियम बनवून चुकतात, हा पियाजेचा मुद्दा इथे पानावरून वर्गात उतरतो. मुलीला दहा बाय दहा चौकटींच्या कागदावर पाच उभे पट्टे रंगवायला दिले आणि शेजारी पस्तीस घरं रंगवायला दिली, तर कोणत्या क्षणी तिचा नियम हलतो ते डोळ्यांनी दिसतं. कुणाच्या किती मदतीने हलतो, हे पाहताना व्हायगॉटस्की आपोआप आला. यानंतर या दोघांवरचं व्याख्यान एका तासात होतं आणि लक्षातही राहतं.

वाचनाकडे वळू. आराखड्याच्या शेवटी वीस-पंचवीस ग्रंथांची यादी असते. त्यांतले निम्मे इंग्रजी, काही ग्रंथालयात एकच प्रत असलेले, आणि कोणत्या आठवड्यात कोणतं पान वाचायचं याचा पत्ता नसलेले. अशी यादी अभ्यासमंडळासाठी असते, विद्यार्थ्यासाठी नसते. नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आठवड्याला पंधरा पानं मराठीत आणि त्यासोबत एकच नेमका प्रश्न दिला, तर तो वाचतो. माझ्या यादीत तीन वाचनं कायम असतील.

पहिलं, गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, १९३२ सालचं, मराठीत सहज मिळणारं. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो, एवढीच कथा. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो आणि मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. या आठवड्याचा प्रश्न असा असावा: पहिल्या दिवशीची त्याची योजना कोणत्या समजुतीवर उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याने नेमकी कोणती समजूत सोडली? याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर सापडत नाही. भावनगरमध्ये गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्या कामातून आली. एका पुस्तकातून हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, म्हणून ते चौथ्या आठवड्यात हवं.

दुसरं वाचन, जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन. विचारवंतांच्या घटकात जोतीराव येतात ते जन्मवर्ष आणि कार्य या मथळ्यांखाली. निवेदन मात्र क्वचित कुणी वाचलेलं असतं. त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याचा तपशील आहे: मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल, शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा, असा आग्रह आहे. म्हणजे हे निवेदन स्वतःच एक आराखडा आहे. छात्राध्यापकाला विचारायचं, शिक्षक कोणत्या समाजातून येतो यावर जोतीराव एवढा भर का देतात, आणि तुम्ही पहिल्या आठवड्यात पाहिलेल्या वर्गात घरी अहिराणी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाचं काय होत होतं?

तिसरं, तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान', त्यातली दोन-तीन प्रकरणं. ते बहुतेकांनी आवडीने वाचलेलं असतं. इथे ते चिकित्सेने वाचायचं: पन्नास-साठ मुलांच्या वर्गात यातलं काय करता येणार नाही, आणि तरीही काय करता येईल? ड्युई किंवा फ्रेअरी यांची काही पानं शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचून समजावावीत, ती घरी वाचायला देण्याची घाई पहिल्या सत्रात नको.

मधल्या आठवड्यांचं मुख्य काम म्हणजे सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिचं भारतीय रूप बसवलं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं शिकवणं आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटं. आराखड्यात 'सूक्ष्म अध्यापन: दहा कौशल्ये' अशी ओळ सहज लिहिली जाते, पण गणित करून पाहा. पन्नास विद्यार्थी एकामागून एक उभे केले तर एका कौशल्याला तीस तास लागतील. पेपरच्या साठ तासांपैकी निम्मे एका कौशल्यात संपले. म्हणून प्रत्यक्षात काय होतं? पुनर्नियोजन आणि पुनरध्यापन गाळलं जातं, विद्यार्थी एकदाच सहा मिनिटं बोलतो, आणि वहीत मात्र दोन्ही फेऱ्यांच्या तारखा पडतात. पद्धतीचा जीव दुसऱ्या फेरीत होता, तोच गेला.

यावर उपाय आहे, पण तो आराखडा लिहितानाच करावा लागतो. पाच-पाच जणांचे दहा गट करायचे. गटातले पाचही जण आधी पहिली फेरी पूर्ण करतील, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे एक तास. इतरांची पाळी चालू असताना ज्याचा त्याचा नियोजनाचा वेळ निघतो. मग दुसरी फेरी, आणखी एक तास. दोन तासांत पूर्ण चक्र. पाच अध्यापक असतील तर प्रत्येकाने दोन गट सांभाळायचे. तरीही साठ तासांत दहा कौशल्यं बसत नाहीत. तीन बसतात, आणि तीच नीट करावीत: प्रश्न विचारणं, उदाहरणासह स्पष्टीकरण आणि फलकलेखन.

प्रश्न विचारण्याच्या कौशल्यात पाहण्यासारखी एक अगदी साधी गोष्ट आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला, तर मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. मोबाइलवर आपला सहा मिनिटांचा पाठ मुद्रित करून छात्राध्यापकाने तो वेळ स्वतः मोजायचा. दुसऱ्या फेरीत तो बदलला का, हे कुणाच्या मताविना कळतं.

आता पुन्हा गुणांचा रकाना. महाविद्यालयाकडे चाळीस गुण आहेत आणि ते सहसा आठ-दहा लहान बाबींत वाटले जातात: उपस्थिती पाच, स्वाध्याय पाच, चाचणी दहा, सादरीकरण पाच, असं. प्रत्येक बाबीत जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी किंवा एक कमी. सत्राअखेर वर्गातला सगळ्यांत मेहनती विद्यार्थी अडतीसवर असतो आणि मागच्या वर्षीची टाचण वही उतरवून काढणारा छत्तीसवर. लेखी परीक्षेत मात्र साठांपैकी कुणाला बावीस तर कुणाला अठ्ठेचाळीस. कागदावर अंतर्गत कामाचं वजन चाळीस टक्के आहे. पण दोन विद्यार्थ्यांत फरक पडतो तो इथे दोन गुणांचा आणि तिथे सव्वीस गुणांचा. एखाद्या भागाचं खरं वजन त्याला किती गुण लिहिलेत यापेक्षा त्या गुणांत किती पसारा आहे यावर ठरतं. पसारा शून्य असेल तर चाळीस गुण असूनही तो भाग नसल्यासारखा. विद्यार्थ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या आठवड्यातच त्यांना कळलेलं असतं, आणि ते वर्गनिरीक्षण सोडून अपेक्षित प्रश्नसंच विकत घेतात.

माझ्या आराखड्यात चाळीसचे तीनच भाग असतील. वर्गनिरीक्षण आणि एका मुलाच्या चुकीचा अभ्यास, पंधरा. सूक्ष्म अध्यापन, पंधरा. वाचनटिपणं, दहा. उपस्थितीला गुण नाहीत, कारण ऐंशी टक्के उपस्थिती परीक्षेची अटच आहे आणि अटीला पुन्हा बक्षीस देण्याचं कारण नाही. सूक्ष्म अध्यापनाच्या पंधरांत पहिल्या फेरीला एकही गुण नसावा. पहिल्या फेरीत चुकण्याची मुभा हवी. पाच गुण योजनेत काय बदललं आणि का याला, पाच दुसऱ्या फेरीला, आणि पाच गुण सोबत्याला दिलेल्या लेखी प्रत्याभरणाला. 'आवाज छान होता' असं लिहिणाऱ्याला त्या पाचांत एक.

चुकीच्या अभ्यासाचे पंधरा गुण कसे द्यायचे हे आधीच लिहून वाटावं लागतं, नाहीतर पुन्हा सगळे तेरावर येतात. मघाचीच दशांशाची चूक घ्या. मुलीच्या उत्तराची प्रत जोडली आणि 'संकल्पना स्पष्ट नाही' असा शेरा मारून थांबला, त्याला चार. मुलीशी बोलून तिचा नियम तिच्या शब्दांत मांडला, त्याला आठ. त्या नियमावरून पुढचं उत्तर काय येईल याचा अंदाज बांधून दुसरी जोडी विचारून पाहिली, त्याला अकरा. त्यावर दहा मिनिटांची कृती रचून मुलीसोबत केली आणि काय झालं ते, फसलं असेल तर तेही, प्रामाणिकपणे नोंदवलं, त्याला पंधरा. ही पायऱ्यांची पट्टी पहिल्याच आठवड्यात हातात पडली तर विद्यार्थ्याला कुठवर जायचं ते कळतं. आणि हे काम मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवता येत नाही, कारण प्रत्येक मुलाची चूक आणि त्याचं बोलणं वेगळं असतं.

याला किंमत पडते. पन्नास चूक-अभ्यास नीट वाचायला, प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तरी, साडेबारा तास लागतात. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला या तासांचे पैसे मिळत नाहीत. जिथे पूर्णवेळ जागा रिकाम्या आहेत तिथे सर्वांना तेरा गुण देण्याचा मोह आळसातून येत नाही, वेळच नसतो. अशा ठिकाणी मी वाचनटिपणांचे दहा गुण कमी करून पाचांवर आणीन आणि ती दर आठवड्याऐवजी तीनच वेळा घेईन, पण मुलाच्या चुकीच्या अभ्यासाला हात लावणार नाही.

उरतात लेखी परीक्षेचे साठ गुण, आणि ते महाविद्यालयाच्या हाती नाहीत. प्रश्नपत्रिकेत 'ब्लूमच्या वर्गीकरणाचे टप्पे स्पष्ट करा' असा प्रश्न आला की छात्राध्यापक टप्पे पाठ करतो, मग वर्षभर वर्गात काहीही केलेलं असो. त्याच जागी अर्ध्या पानाचं एक खरं पाठ टाचण छापून विचारता येतं: यातलं उद्दिष्ट आणि मूल्यमापनाचे प्रश्न कुठे जुळत नाहीत ते दाखवा आणि एक प्रश्न बदलून लिहा. ब्लूमचं १९५६ चं वर्गीकरण किंवा त्याची २००१ ची सुधारित आवृत्ती माहीत असल्याशिवाय हे उत्तर लिहिता येत नाही, आणि नुसती माहीत असूनही पुरत नाही. तपासायलाही हा प्रश्न अवघड नाही. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी संविधान तक्ता ठरवताना साठपैकी वीस गुण असे वर्गातल्या साहित्यावरचे प्रश्न सक्तीचे करावेत, आणि दोन नमुना प्रश्न आराखड्यासोबतच छापावेत. त्यासाठी नवा पेपर लागत नाही, जादा श्रेयांक लागत नाहीत, मंडळाच्या एका बैठकीत हा निर्णय होऊ शकतो.